‘बाटणे’, ‘प्रायश्चित्त’, ‘शुद्धी’: १८४३ च्या प्रकरणाला कोणता शब्द लावायचा?

ओंजळ:
आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी बाळशास्त्री जांभेकरांवर एक टिपण लिहिते आहे. त्यात मी वाक्य लिहिलं: ‘मिशनरी शाळेतून ख्रिस्ती झालेल्या श्रीपत शेषाद्रीची बाळशास्त्रींनी शुद्धी करवून त्याला हिंदू धर्मात परत आणले.’ तपासणाऱ्या काकांनी ‘ख्रिस्ती झालेल्या’ आणि ‘शुद्धी’ या दोन्हींखाली लाल रेघ मारली. ‘श्रीपत बाटला होता, ख्रिस्ती झाला नव्हता, आणि त्याला प्रायश्चित्त मिळालं, शुद्धी नव्हे,’ असं म्हणाले. मी आजवर बाटणे म्हणजे धर्मांतर करणे असंच समजत होते. दोन्हींत खरंच फरक आहे का?

सोवळंओवळं:
‘बाटला’ की ‘बाटवला’ असा प्रश्न असेल, तर स्वतःहून झालं तर बाटला, दुसऱ्याने केलं तर बाटवला.
आमच्या घरी मात्र माणसांपेक्षा लोणचीच जास्त बाटायची. पारोशाने बरणीला हात लावला की आजी म्हणायची, ‘बाटवलंस गं सगळं.’ लोणच्याने कुठला धर्म बदलला असेल?

कागदपत्रे:
वरची लोणच्याची बरणी मूळ अर्थाच्या अगदी जवळची आहे. बाटणे म्हणजे विटाळ होणे, स्पर्शाने किंवा अन्नाने दूषित होणे. मनात काय आहे, देवावरचा विश्वास बदलला का, याच्याशी या क्रियापदाचं सुरुवातीला काही देणंघेणं नव्हतं. श्रीपतच्या प्रकरणात हे लख्ख दिसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत नारायण शेषाद्री शिकत होता. १८४३ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा बारा वर्षांच्या आसपासचा. तोही घर सोडून रॉबर्ट नेस्बिट या मिशनऱ्याकडे राहायला गेला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात अर्ज केला, आणि न्यायमूर्ती पेरी यांनी मुलगा अल्पवयीन असल्याने त्याचा ताबा वडिलांकडे दिला. बाप्तिस्मा झालाच नव्हता. तेव्हा काकांची पहिली रेघ बरोबर आहे.

मग अडलं कुठे? तो मिशनऱ्याच्या घरी राहिला होता आणि तिथे जेवला होता, इथे अडलं. एकाच मुलाबद्दल तीन ठिकाणी तीन वेगळे प्रश्न विचारले जात होते, ते पाहा. मिशनरी विचारत होते, याचा येशूवर विश्वास आहे का? कोर्ट विचारत होतं, याला स्वतःचं बरंवाईट ठरवण्याइतकी समज आली आहे का? आणि शास्त्री विचारत होते, याने कोणाच्या हातचं खाल्लं? ‘बाटला’ हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पहिल्याचं नाही.

घाटमाथा:
‘शुद्धी’ चूक कसं? नेताजी पालकर १६६७ मध्ये मुसलमान झाले, मुहम्मद कुलीखान म्हणून राहिले, १६७६ मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांना परत घेतलं. म्हणजे शुद्धी आपल्याकडे बाळशास्त्रींच्याही पावणेदोनशे वर्षं आधीपासून आहे. मिशनऱ्यांमुळे काही नवीन झालं असं मला वाटत नाही.

कागदपत्रे:
परत घेणं जुनं आहे, यात वाद नाही. पण नेताजींच्या मागे छत्रपती उभे होते. १८४३ मध्ये राजा नाही, इंग्रज सरकार जातीच्या पंक्तीत कोणाला बसवणार नाही, आणि पुढाकार घेतो आहे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवणारा, ‘दर्पण’ काढलेला एक शिक्षक. बाळशास्त्रींनी शास्त्राधार शोधून प्रायश्चित्ताचा मार्ग काढला आणि ब्राह्मणांतल्याच मोठ्या गटाचा राग ओढवून घेतला. विरोधकांची भीती सरळ होती: एकाला परत घेतलं, तर उद्या प्रत्येक जण मिशनऱ्याकडे जेवून येईल आणि दार ठोठावेल. परत घेणाऱ्यांवरच बहिष्कार टाकण्याची भाषा झाली.

नवं काही झालं नाही, हे तर मला अजिबात पटत नाही. शाळेमुळेच तर प्रश्न उभा राहिला. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८३२ मध्ये त्यांनी इंग्रजी शाळा काढली. १८३९ मध्ये त्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हाही प्रकरण कोर्टात गेलं, पण धनजीभाईंना समज आली आहे असं ठरून त्यांना मनाप्रमाणे राहू दिलं. पारशी समाज हादरला आणि शाळेतली मुलं भराभर काढून घेतली गेली. चार वर्षांनी श्रीपतचं प्रकरण आलं तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे ते ताजं होतं. इंग्रजी तर हवं, पण पोरगं हातचं जाता कामा नये, या कात्रीत मुंबईतलं प्रत्येक शिकू पाहणारं घर सापडलं होतं.

आता शब्दाकडे. प्रायश्चित्त एका माणसाचं, एका दोषासाठी. शेवटी ते मान्य करायचं जातीने. ‘शुद्धी’ म्हणजे शुद्ध होणं, हा अर्थ जुनाच आहे. पण आज तो शब्द ऐकला की जी चळवळ डोळ्यांसमोर येते, ती आर्य समाजाची. समाज मुंबईत १८७५ मध्ये स्थापन झाला, चळवळीने जोर धरला पंजाबात, त्यानंतर. गोव्यात मसूरकर महाराजांनी १९२८ मध्ये ख्रिस्ती गावड्यांना हिंदू धर्मात घेतलं, ती शुद्धी. तिथे गावंच्या गावं येतात आणि विषय धर्माचा असतो. १८४३ च्या वाक्यात तो शब्द घातला की पुढची चळवळ मागे नेऊन ठेवल्यासारखं होतं.

नगरी:
मी अहमदनगरचा, पाच पिढ्यांचा ख्रिस्ती. ‘बाटगा’ हा शब्द शाळेत असताना ऐकलेला आहे, तेव्हा इथे तो नुसता कोशातला शब्द म्हणून मला वाचता येत नाही. आमच्या घरात कोणी ‘बाटलो’ म्हणत नाही. ‘बाप्तिस्मा घेतला’ किंवा ‘प्रभूकडे आलो’ म्हणतात. ‘बाटला’ असं म्हणणारा नेहमी बाहेरचा असतो. लेखात तो शब्द वापरायचा तर तो कोणाच्या तोंडचा आहे हे दिसलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

दुसरं, ही सगळी चर्चा ब्राह्मण मुलाची चालली आहे. माझ्या खापरपणजोबांना गावात आधीच कोणी शिवत नव्हतं. त्यांचं बाटायचं काय शिल्लक होतं? पुण्यातल्या फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो आमच्या मिशनच्या ‘ज्ञानोदया’त छापून आला. आम्हाला धर्म कोणता, हे ती ईश्वरालाच विचारते. फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, ख्रिस्ती मात्र कधी झाले नाहीत. मिशनरी शाळेने वादात काय आणलं हे बघायचं तर श्रीपतइतकंच मुक्ताकडेही बघा.

कागदपत्रे:
तुमचे दोन्ही मुद्दे मानतो. बाटण्याची भीती ज्यांना गमावण्यासारखं काही होतं त्यांची होती, हे मी आधीच म्हणायला हवं होतं. वतन, वारसा, पंगत. जुन्या कायद्याने पतिताचा वारसाहक्क जायचा. १८५० च्या कायद्याने धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकलं तरी मालमत्तेवरचा हक्क जाणार नाही असं ठरलं. म्हणजे तोपर्यंत ‘बाटला’ या शब्दात घरजमीनही गुंतलेली होती.

फरीद_मिरज:
मुसलमानांकडे ‘बाटणे’ला जोडीचा शब्द नाही, असं मला वाटतं. धर्म सोडणारा तो मुर्तद, आणि तो ठरतो अकीद्यावरून, म्हणजे काय मानतो यावरून. ख्रिस्ती माणसाच्या घरी जेवल्याने कोणी मुर्तद होत नाही. परत यायचं तर तौबा आणि कलमा. त्यामुळे मिशनऱ्यांशी आमच्या उलेमांचा वाद जेवणावर न होता किताबांवर झाला.

आग्र्याला एप्रिल १८५४ मध्ये पाद्री फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांचा जाहीर मुनाझरा, म्हणजे धर्मावरचा वादविवाद झाला. विषय पाच ठरले होते, पण दोन दिवसांत पहिल्या दोनांवरच गाडी अडली: आधीचा ग्रंथ नंतरच्याने रद्द होतो का, आणि बायबलच्या मजकुरात फेरफार झाला आहे का. मौलानांच्या बाजूला डॉ. वझीर खान होते. त्यांनी युरोपातल्याच विद्वानांची बायबलवरची चिकित्सा पुढे ठेवली. फांडर यांना त्याची अपेक्षा नव्हती. पाठभेद आहेत हे त्यांना कबूल करावं लागलं, पण मूळ शिकवण बिघडलेली नाही यावर ते ठाम राहिले. दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो असं छापलं.

घाटमाथा:
म्हणजे मुसलमानांना मिशनरी शाळांचा त्रासच नव्हता?

फरीद_मिरज:
तसं नाही म्हणालो. पोराच्या हातात बायबल जाईल ही धास्ती आमच्याही घरांत होती आणि त्यापायी कित्येकांनी इंग्रजीही लांब ठेवली. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामने १८८० मध्ये स्वतःची शाळा काढली, ती इंग्रजी मिळावी आणि दीन, म्हणजे धर्मही सुटू नये म्हणून. फक्त भीतीचं नाव वेगळं होतं. आमच्याकडे ‘ईमान जाईल’ म्हणत, तुमच्याकडे ‘जात जाईल’.

ओंजळ:
हे ‘ईमान’ आणि ‘जात’ फारच उपयोगी पडलं. मग ज्यांना सुधारणा हवी होती, त्या हिंदूंनी ‘बाटणे’ या कल्पनेचं काय केलं?

कागदपत्रे:
परमहंस सभेने तीच कल्पना कसोटीला लावली. १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी ही सभा गुप्तपणे चालवली. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. नुसतं ‘मी जातिभेद मानत नाही’ असं म्हणून भागत नसे. ज्या घासाने श्रीपत बाटला ठरला, तोच घास इथे प्रवेशाची अट झाला. मला हे त्या काळातलं सगळ्यांत धीट पाऊल वाटतं, आणि ते गुप्त ठेवावं लागलं यावरून त्या घासाची धग कळते. १८६० मध्ये सभासदांची यादी फुटली आणि सभा मोडली. त्यांतले काही जण पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजात आले, तिथे पावाची अट नव्हती. बाबा पदमनजी परमहंस सभेतलेच, पण त्यांनी १८५४ मध्ये सरळ बाप्तिस्मा घेतला.

सोवळंओवळं:
म्हणूनच आजी पावाला हात लावत नसे! आम्हाला सांगायची, ‘पायाने तुडवतात.’ मला ते खरंच वाटायचं.

नगरी:
पावाचं मला माहीत नव्हतं. पण तरी एक विचारतो. सभेतल्या लोकांनी पाव ख्रिस्त्याचा खाल्ला, पाणी मुसलमानाचं प्यायले. महाराच्या हातचं का नाही?

कागदपत्रे:
माझ्यापाशी याचं उत्तर नाही. प्रश्न मात्र रास्त आहे.

ओंजळ:
वाक्य बदललं आहे: ‘मिशनऱ्याच्या घरी राहून जेवल्यामुळे जातीच्या दृष्टीने बाटलेल्या श्रीपत शेषाद्रीला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, यासाठी बाळशास्त्रींनी स्वजातीयांचा रोष पत्करला.’ ‘जातीच्या दृष्टीने’ हे नगरींमुळे आलं. काकांना लांबलचक वाटेल, पण यातला एकही शब्द कमी करावासा वाटत नाही. फक्त ‘प्रायश्चित्त देऊन’ की ‘प्रायश्चित्त घेववून’?

सोवळंओवळं:
शास्त्री देतात, दोषी घेतो. बाळशास्त्री मधले, तेव्हा ‘देववून’.

घाटमाथा:
‘देववून’ आता कोण वाचणार? ‘देऊन’च ठेवा.