गिंको, प्लेटलेट आणि आईचं विसरणं

"धुळ्याला आई फार विसरायला लागलीय. स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिन चालू आहे. गिंकोच्या गोळ्या देऊ का?"

ताई, नका देऊ. गिंको या झाडाच्या पानांच्या अर्कातलं जिंकगोलाइड बी हे रसायन रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींना गोळा व्हायला सांगणाऱ्या एका रेणूची जागा अडवतं आणि त्यातली फ्लॅव्होनॉइड रक्तवाहिन्या सैल करतात, म्हणून मेंदूला रक्त जास्त मिळेल, असा तर्क आहे. पण प्लेटलेटवरचा परिणाम प्रयोगनळीत दिसतो तो गोळीतून रक्तात पोचतं त्याहून कितीतरी जास्त मात्रेला. अमेरिकेत ७५ वर्षांपुढच्या ३०६९ जणांपैकी निम्म्यांना रोज २४० मिलिग्रॅम अर्क, उरलेल्यांना नकली गोळी दिली. सुमारे सहा वर्षांनी स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं! आणि अ‍ॅस्पिरिनसोबत रक्तस्रावाची शंका उरतेच. आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. अमळनेरच्या माझ्या काकूंचं विसरणं बी-१२ च्या कमतरतेचं निघालं होतं.