अनुभव धागा: प्रकल्प फसल्यावर मॅनेजरने टीमसमोर काय बोलावं?

धागाकर्ती
प्रकल्प गुंडाळावा लागला की दुसऱ्या दिवशी मॅनेजरला टीमसमोर उभं राहावं लागतं. त्या सात-आठ मिनिटांत चूक कबूल करायची, कुणावर खापर फोडायचं नाही आणि माणसं परत कामाला लागली पाहिजेत. ज्यांनी असं बोललंय किंवा ऐकलंय त्यांनी लिहा. ‘खचू नका’ छापाचं नको, नेमकी वाक्यं द्या.

जुनाजाणता
सगळं कबुलीच्या वाक्यावर अडतं. ‘चूक झाली’ म्हटलं की करणारा गायब. ‘आपण सगळेच कमी पडलो’ त्याहून वाईट, कारण रात्री दोनपर्यंत जागलेल्याच्या वाट्यालाही तेवढीच चूक येते. त्या वाक्यात मी, कुठला निर्णय, कधी घेतला आणि तेव्हा मला काय माहीत होतं, एवढं आलंच पाहिजे.

समजा, जुनी बिलिंग प्रणाली सोडून नवीवर जायचं होतं. चाचणीचे 15 दिवस कापून 6 केले, त्यात जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ घालायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी ग्राहकांना दुहेरी बिलं गेली आणि जुन्या प्रणालीवर परत यावं लागलं. तिथे मॅनेजरने असं म्हणावं:

‘चाचणीचे 15 दिवस मी 6 वर आणले. तारीख पुढे ढकला, असं आदल्या सोमवारी मला सांगितलं गेलं होतं. मी तो विषय वर नेलाच नाही. आकडे ताडून पाहिले असते तर दुहेरी बिलं तिथेच सापडली असती. हा निर्णय माझा होता.’

आणि इथे गप्प बसायचं. पुढे ‘पण वरून दबाव होता’ आलं की आधीचं सगळं पाण्यात. दबाव खरा असला तरीही! सोमवारी सांगणाऱ्यांची नावं त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांचं कौतुक करायला जाल आणि बाकीच्यांना ऐकू येईल, ‘तुम्ही का नाही बोललात?’

पायवाट
एवढं काटेकोर कशाला? 1979 मध्ये एसएलव्ही-3 रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन पत्रकारांना सामोरे गेले आणि जबाबदारी स्वतःवर घेतली. पुढच्या वर्षी यश आलं तेव्हा प्रकल्पप्रमुख कलामांना पुढे केलं. तेच करायचं, सगळं अंगावर घ्यायचं.

जुनाजाणता
उदाहरण बरोबर, पण ते बाहेरच्यांसमोरचं बोलणं होतं. आत दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत काय बिघडलं ते शोधावंच लागलं. टीमसमोर ‘सगळं माझ्यामुळे’ म्हटलंत तर ज्याच्या हातून खरोखर काही निसटलंय, त्याला ते सांगायला जागाच उरत नाही.

नवी_पालवी
मी क्लायंटला असाच मेल लिहितेय. त्यात नुकसानभरपाईचं लिहावं का?

धागाकर्ती
तो वेगळा विषय, आधी कायदा विभागाला विचारा. पण टीमशी बोलणं त्या मेलच्या आधी व्हायला हवं. मेल फिरत फिरत टीमपर्यंत पोहोचला तर मग कितीही चांगलं बोला, उशीरच झालेला असतो.

तिसरामजला
आमच्याकडे सुंदर भाषण झालं, टाळ्यासुद्धा पडल्या. चार महिन्यांनी मूल्यमापनात त्याच प्रकल्पावरून सगळ्यांचं रेटिंग घसरलं. आता कुणी ‘माझी चूक’ म्हणालं की आम्ही एकमेकांकडे बघतो.

हिशेबी
म्हणून बोलायच्या आधी एचआरला विचारून घ्यावं की हा प्रकल्प मूल्यमापनात कसा धरणार. उत्तर मिळालं नाही तर ‘ते अजून ठरलेलं नाही, शुक्रवारपर्यंत सांगतो’ म्हणायचं आणि शुक्रवारी काहीच कळलं नसलं तरी तसं येऊन सांगायचं. ‘कुणाची नोकरी जाणार नाही’ हे हातात नसेल तर तोंडातून काढू नये.

उभारी म्हणाल तर ती कौतुकाने येत नाही, उद्या काय करायचंय ते कळलं की येते. वरच्याच उदाहरणात: ‘डेटा हलवायच्या स्क्रिप्ट नीट चालल्या, त्या तशाच ठेवू. नवीन फीचर दोन आठवडे बंद. गुरुवारी दीड तास बसून काय कुठे सुटलं ते मांडू, आज नाही.’ त्याच बैठकीत कारणं उकरायला घेतली की लोक बचाव करायला लागतात.

पायवाट
बरं, पण चूक एकाच माणसाची असेल आणि ती सगळ्यांना माहीत असेल तर? तेव्हा मॅनेजरने अंगावर घेणं खोटंच वाटतं.

जुनाजाणता
त्याची एक चूक थेट ग्राहकापर्यंत पोहोचू शकली, मध्ये दुसऱ्या कुणाची नजर नव्हती, एवढं मॅनेजरचं नक्की. तेवढंच बोलावं. त्या माणसाशी आधी एकट्यात बोलायचं, काय सांगणार ते त्याला ऐकवायचं.

तिसरामजला
आणि तो म्हणाला, ‘माझं मीच सांगतो’?

हिशेबी
तर बोलू द्यावं असं मला वाटतं.

जुनाजाणता
मला नाही वाटत, निदान पहिल्या दिवशी तरी. गुरुवारी बोलू दे.