मदत हवी आहे : लिंक तुटल्यावर रिप या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये मेट्रिक वाढत जाते, ओएसपीएफ या दुसऱ्या प्रोटोकॉलला मात्र ४० सेकंद का लागतात?

वाटसरू : अ, ब आणि क हे राउटर त्रिकोणात जोडलेले असून ड फक्त क ला जोडलेला आहे. क–ड लिंक तोडल्यावर रिपमध्ये अ वरील ड कडे जाणाऱ्या मार्गाचे मेट्रिक, म्हणजे अंतराचा आकडा, ४, ७, १०, १३ असे चढत गेले आणि मगच मार्ग गेला. जिकडून मार्ग शिकला तिकडे तो परत न सांगण्याचा स्प्लिट होरायझन नियम चालू आहे. ओएसपीएफ जलद असतो असे वाचले होते, पण तिथेही ४० सेकंद लागले. उद्या प्रात्यक्षिक सादर करायचे आहे, कृपया लवकर सांगा.

रेषा : स्प्लिट होरायझन चालू असेल तर मेट्रिक असे चढूच शकत नाही. सेटिंग पुन्हा तपासा आणि शिकलेल्या दिशेला तो मार्ग बंद असल्याचे सांगणारा पॉयझन रिव्हर्स लावा.

अनुभवी : दोनच राउटर असते, तर आपले म्हणणे बरोबर ठरले असते. इथे क ने पाठवलेली १६ ची, म्हणजे मार्ग गेल्याची, बातमी अ ला मिळाली, परंतु ब ला मिळाली नाही, असे समजा. ब कडे क मार्गे ३ चा जुना मार्ग आहे. तो त्याने क कडून शिकलेला असल्याने क ला सांगत नाही, पण अ ला निर्धास्तपणे सांगतो. अ तो ४ म्हणून घेऊन क ला सांगतो, क कडे ५ होतात, ब कडे ६ आणि पुन्हा अ कडे ७. शिकलेल्या दिशेला कोणीच परत सांगत नसल्यामुळे नियम कुठेही मोडत नाही, तरीही खोटी बातमी त्रिकोणात फिरत राहते. १६ आल्यावरच ती थांबते. पॉयझन रिव्हर्सनेही हे फेरे थांबत नाहीत.

जुना खेळाडू : आमच्याकडे स्टॅटिक मार्ग आहेत आणि असा त्रास कधीच झाला नाही. प्रोटोकॉल हवेतच कशाला?

रेषा : स्टॅटिक मार्ग लिंक तुटल्यावर स्वतःहून दुसरी वाट शोधत नाही, आणि प्रश्नही तो नव्हता. ओएसपीएफमध्ये सर्वांकडे पूर्ण नकाशा असतो, त्यामुळे बदल तत्काळ व्हायला हवा.

अनुभवी : नकाशा बदलायला आधी कोणाला तरी बिघाड कळावा लागतो. वाटसरू, क आणि ड यांच्यामध्ये स्विच आहे का? केबल कोणत्या बाजूची काढली?

वाटसरू : स्विच आहे, तो सांगायचा राहिला. रिपच्या वेळी क कडची केबल काढली होती, ओएसपीएफच्या वेळी ड कडची.

अनुभवी : मग ही तुलना समान नाही. ड कडची केबल निघाली तरी क चा इंटरफेस स्विचमुळे चालूच राहिला. शेजारी जिवंत असल्याचा हॅलो संदेश दर १० सेकंदांनी येतो आणि ४० सेकंद एकही हॅलो न आल्यावरच क ने शेजारी गमावल्याचे मानले. त्यानंतर नवा एलएसए, म्हणजे बदललेल्या लिंकची माहिती, पसरणे आणि प्रत्येकाने मार्ग पुन्हा मोजणे ही कामे सहसा काही सेकंदांतच होतात. रिपची चाचणी याच पद्धतीने केली असती, तर क ने जुना मार्ग १८० सेकंद धरून ठेवला असता. दोन्ही वेळा क कडची केबल काढून मोजा.

रेषा : त्यापेक्षा हॅलो १ सेकंदाचा आणि शेजारी गमावल्याचे मानण्याची डेड मुदत ४ सेकंद करून टाका.

अनुभवी : लिंकवर ताण आल्यास काही हॅलो हरवतील आणि शेजारी विनाकारण तुटेल. मी लिंकचा बिघाड झटपट ओळखणारी बीएफडी सुचवेन.

रेषा : चार राउटरच्या प्रयोगात ताण कुठून येणार? बीएफडी सर्व राउटरवर मिळतेच असे नाही.

वाटसरू : क कडची केबल काढल्यावर ओएसपीएफमध्ये अ वरचा मार्ग जवळजवळ लगेच गेला. पण या वेळी रिपमध्येही मेट्रिक चढले नाही, मार्ग थेट गेला. असे का?

अनुभवी : या वेळी १६ ची बातमी अ आणि ब दोघांनाही वेळेवर पोचली असावी. पुन्हा ते फेरे पाहायचे असतील, तर क कडून ब कडे जाणारी अपडेट थोडा वेळ अडवा, क–ड तोडा, आणि अ वर `debug ip rip` चालू ठेवा.