मदत हवी आहे: व्याख्यानाच्या क्लिप कापल्या, पण सुरुवातीला चित्र थिजतंय आणि मराठी अक्षरं फुटतायत

पार्लेकर_रेवती: आमच्या वाचनालयात मुंबईच्या पाण्यावर दीड तासाचं व्याख्यान झालं. त्यातून छोट्या उभ्या क्लिप काढायच्या, प्रत्येकीवर वक्त्यांचं एक वाक्य मोठ्या अक्षरात टाकायचं आणि दोन आठवडे रोज एक अशा लावून ठेवायच्या. कापल्यावर पहिले दोन-तीन सेकंद आवाज येतो, चित्र हलतच नाही. आणि ‘विहार’मधली वेलांटी ‘व’च्या पुढे जाऊन बसते. सोमवारपासून सुरू करायचंय. कृपया लवकर सांगा.

दादरचा_सुन्या: कशात कापताय ते लिहिलंच नाही. मोबाईलवरचं एखादं ॲप घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

पार्लेकर_रेवती: एफएफएमपेग वापरतेय. चौदा क्लिप आहेत, प्रत्येक हाताने करणं जमणार नाही. कमांड ही:

```
ffmpeg -i talk.mp4 -ss 00:14:05 -t 48 -c copy c1.mp4
```

दादरचा_सुन्या: मग सोपं आहे. `-ss` हे `-i` च्या आधी लिहा. चित्र थिजणार नाही.

काटछाट: सुन्या, थिजणार नाही हे बरोबर, पण क्लिप मागून सुरू होईल. `-c copy` मध्ये व्हिडिओ फक्त कीफ्रेमपासून सुरू होऊ शकतो. मधल्या फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. रेवतीताईंच्या कमांडमध्ये आवाज वेळेवर सुरू होतो आणि चित्र पुढच्या कीफ्रेमची वाट बघत राहतं. तुमच्या पद्धतीने कापलं तर मागच्या कीफ्रेमपासून, म्हणजे आधीच्या वाक्याच्या शेपटासकट क्लिप येईल. नेमकं कापायचं तर पुन्हा एन्कोड करावंच लागतं.

दादरचा_सुन्या: त्याने क्वालिटी जाते. मी कधीच करत नाही.

काटछाट: थोडी जाते, पण इथे सुटका नाही. चित्रावर अक्षरं टाकायची आणि आडव्याचं उभं करायचं म्हटल्यावर `copy` चालतच नाही. रेवतीताई, अक्षरं `drawtext` ने टाकताय ना? आणि एफएफएमपेग जुनं आहे का?

पार्लेकर_रेवती: हो, दोन्ही हो. फॉन्ट तीन वेळा बदलला.

काटछाट: फॉन्टचा दोष नाही. जुन्या आवृत्त्यांतल्या `drawtext` ला देवनागरीची जुळणी येत नाही, म्हणून वेलांटी जागेवर बसत नाही आणि जोडाक्षरात पाय मोडलेला दिसतो. वाक्य `.ass` फाइलमध्ये ठेवून `subtitles` ने टाका. फाइलमध्ये PlayResX 1080 आणि PlayResY 1920 लिहा, नाहीतर अक्षरांचा आकार भलताच येईल.

```
ffmpeg -ss 00:14:05 -i talk.mp4 -t 48 \
 -vf "crop=608:1080,scale=1080:1920,subtitles=c1.ass" \
 -c:v libx264 -crf 20 -c:a aac c1.mp4
```

मूळ व्हिडिओ 1920×1080 धरलाय. `-ss` आधी असल्यामुळे `.ass` मधली वेळ क्लिपच्या शून्यापासून मोजा.

मीनल_ठाणे: माझ्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ चाळीस जीबीचा आहे, तो कुठे ठेवावा?

गिरगावकर_काका: मीनलताई, वेगळा धागा काढा. रेवती, मी वेगळंच विचारतो. वाक्यं कोणती निवडलीस?

पार्लेकर_रेवती: पहिलं: ‘मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी फक्त विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत आहेत.’ दुसरं: ‘१८६० साली विहार बांधला, प्रश्न सुटला.’ तिसरं: ‘परवाच्या पावसाने तलाव भरत आले.’

गिरगावकर_काका: पहिलं उत्तम, एकटं उभं राहतं. दुसऱ्यानंतर वक्ते काय म्हणाले?

पार्लेकर_रेवती: ‘...असं तेव्हा वाटलं, पण पुढे तुळशी आणि तानसा बांधावेच लागले.’

गिरगावकर_काका: मग अर्थ उलटा होतोय! ‘असं तेव्हा वाटलं’ क्लिपमध्ये आणि अक्षरांतही हवं. आणि तिसरं दहाव्या दिवशी लागलं तर ‘परवा’ कुठला? काळाशी बांधलेली वाक्यं पहिल्या दोन दिवसांत लावा, नाहीतर गाळा. चौदा वाक्यं वक्त्यांना एकदा वाचून दाखवा, फोनवर चालेल.

दादरचा_सुन्या: रोज एक फार होतं. एक दिवसाआड सात पुरे.

गिरगावकर_काका: मला रोज बरं वाटतं. मात्र सलग दोन दिवस विहार नको.

काटछाट: यूट्यूबवर चढवतानाच ‘शेड्यूल’ निवडा, तोवर व्हिडिओ खाजगी राहतो. इन्स्टाग्राम-फेसबुकसाठी मेटा बिझनेस सूटमध्ये एकाच जागी तारखा लावता येतात, इन्स्टाचं खातं प्रोफेशनल हवं. पहिली एकच लावा, ती वेळेवर निघाली की बाकीच्या.

पार्लेकर_रेवती: अक्षरं एकदम नीट आली! चित्रही थिजत नाही. पण चौथ्या क्लिपमध्ये वक्ते नकाशाकडे चालत जातात आणि चौकटीबाहेर जातात.

काटछाट: एका जागी उभे असतील तर `crop=608:1080:1100:0` असं उजवीकडे सरकवा, 1100 हे डावीकडून अंतर, जास्तीत जास्त 1312. चालत असतील तर कापू नका. पूर्ण आडवं चित्र मधे ठेवा, वरखाली काळी पट्टी, वाक्य वरच्या पट्टीत. नकाशाही दिसेल.

दादरचा_सुन्या: काळी पट्टी लोक बघत नाहीत. ती क्लिपच गाळा.

पार्लेकर_रेवती: नकाशाशिवाय भातसा कुठे आहे ते कळणार नाही. पट्टीवाली करते. दुसऱ्या क्लिपसाठी वक्त्यांना आज फोन लावतेय.