मदत हवी आहे: पिंजराच्या १२० गठ्ठ्यांचं वजन किती धरू? टेम्पो ३ टनांचा आहे

करवीर तालुक्यात गोठा आहे, म्हशी आठ. गगनबावड्याकडून भाताच्या पिंजराचे मशीनने बांधलेले गठ्ठे आणायचेत. एक गठ्ठा टेपने मोजला: ९० × ४५ × ३५ सेंमी, म्हणजे ०.१४२ घनमीटर. नेटवर घनता २०० किलो मिळाली. गुणलं तर गठ्ठा २८ किलोचा आणि १२० गठ्ठे ३४०० किलोचे. विकणारा म्हणतो, "पंधराच्या वर जात नाही." टेम्पोवाला ३ टनांवर घ्यायला तयार नाही. दोन खेपा कराव्या लागतील काय?

इचलकरंजीकर: घनतेनं गुणायची रीत बरोबर आहे, पण २०० कमीच वाटतंय. आमच्या कापसाच्या गासडीला साडेचारशेच्या आसपास निघते. १७० किलोची गासडी दोघांनाही उचलत नाही.

चारावाला: भाऊ, ती प्रेसमध्ये दाबून पट्ट्या मारलेली गासडी. पिंजराला तो आकडा लावला तर एक गठ्ठा ६४ किलोचा होईल, मग तो एकट्यानं टेम्पोत फेकून दाखवा की!

धागाकर्ते, तुमचा २०० चा आकडा मोठ्या चौकोनी गठ्ठ्यांचा असणार, ते लोडरनं उचलतात. ट्रॅक्टरमागच्या छोट्या मशीनचे, सुतळीनं बांधलेले गठ्ठे सुके असतील तर शंभरच्या आसपास बसतात. म्हणजे गठ्ठा १४ किलो, १२० चे १७०० किलो. विकणारा खरं बोलतोय. तरी मशीनचा दाब कमीजास्त असतो. वेगवेगळ्या जागचे दहा गठ्ठे लटकत्या काट्यावर तोला आणि सरासरी काढा.

तुमची अडचण वजनाची नाही, उंचीची आहे. टेम्पोची बॉडी किती?

धागाकर्ता: १४ फूट लांब, साडेसहा रुंद.

चारावाला: मग आडवे दोन, लांबीत नऊ, एका थरात १८. १२० ला सात थर, म्हणजे नुसती थप्पीच आठ फूट. बॉडीचा तळ जमिनीपासून तीनेक फूट धरा. घाटातल्या वळणावर डोलणार. मी असतो तर पाच थरांवर दोर आवळून ९० आणले असते.

दूधवाला_कागल: ओला माल घेऊ नका. मागल्या वर्षी मी रचलेली गंजी आतून तापून काळी पडली.

चारावाला: ते खरं, आणि वजनही फसवतं. १५ टक्के ओलाव्याचा १४ किलोचा गठ्ठा २५ टक्क्यांवर १६ किलो होतो, आतला चारा तेवढाच. किलोनं घेत असाल तर गठ्ठ्याच्या पोटात हात घाला. गार, दमट लागला तर तो घेऊ नका.

धागाकर्ता: आज दहा तोलले. आठ १३ ते १५ किलोत, दोन १९ चे. ते दोन पावसात भिजलेल्या कडेचे होते. विकणारा म्हणतो, सगळ्यांना एकच भाव. ते दोन वगळायला सांगू, की भाव पाडून घेऊ?

इचलकरंजीकर: पाडून घ्या, ऊन दिलं की वाळतील.

दूधवाला_कागल: आतून वाळत नाहीत हो, सुतळी सोडावी लागते.