अनुभव धागा: आईवडिलांनी जमीन विकून पैसे फंडांत टाकले, तुमच्या घरी काय झालं?

सायली_श्टुटगार्ट

काल चुलतभावाचा फोन आला होता. आमच्या जुन्या प्लॉटच्या शेजारी मोजणी झाली आणि दीड फुटावरून भांडण पोलिसांत गेलं म्हणे. तो प्लॉट बाबांनी 2019 च्या दिवाळीआधी विकला. मी नुकतीच जर्मनीत आले होते आणि फोनवर भयंकर चिडले होते. बाबा फोनवर भांडत नाहीत, त्यांनी पत्र लिहून त्याचे फोटो पाठवले. काल ते शोधून काढलं. त्यांना विचारूनच टाकतेय, घरगुती मजकूर गाळलाय.

*चि. सायलीस अनेक आशीर्वाद.*

*प्लॉटचा व्यवहार ठरला. वीस लाख, सगळे चेकने. एकजण तेवीस देत होता, पण त्यातले नऊ रोख. ते मला नकोत.*

*तू म्हणालीस, तीन लाखांचे वीस झाले, मग विकता कशाला? 1997 ते 2019, बावीस वर्षं. हिशेब मांडला तर वर्षाला नऊ टक्के पडतात. त्यात 2008 चं कुंपण आणि दर पावसाळ्यानंतर गवत काढण्याची मजुरी धरलेली नाही. आपण प्लॉट घेतला तेव्हा पीपीएफ बारा टक्के देत होतं. जमिनीने फसवलं असं मी म्हणत नाही, पण गावात सांगतात तेवढं काही झालं नाही.*

*खरं कारण वेगळं आहे. घर साताऱ्यात, शेत गावाला, प्लॉट हायवेच्या आत. तिन्ही एकाच तालुक्यात. पेन्शन सोडली तर माझ्याकडे जमिनीशिवाय काहीच नाही. गेल्या वर्षी तुझ्या आईच्या गुडघ्याला साडेतीन लाख लागले तेव्हा वीस लाखांचा धनी असून मी तुझ्या मामाकडून उसने घेतले. चार गुंठ्यांच्या प्लॉटमधला अर्धा गुंठा विकून दवाखान्याचं बिल भागत नाही.*

*आणि तू. माझ्यामागे प्लॉट तुझ्या नावावर लागेल. तू तिकडून मोजणीला येणार आहेस का? माझ्याकडून वीस लाखांना घेताना गिऱ्हाइकाला टीडीएस कापावा लागत नाही. तूच विकायला निघालीस तर परदेशात राहणारी म्हणून त्याला वीस टक्क्यांच्या वर कापावा लागेल, तोही सगळ्या रकमेवर. नाहीतर तू आधी आयकराकडून कमी कपातीचा दाखला आणायचास. एवढं ऐकून साताऱ्यातलं गिऱ्हाईक शेजारचा प्लॉट बघतं.*

*कर असा. व्हॅल्युअरने 2001 चं मूल्य साडेतीन लाख काढलं. महागाई निर्देशांकाने ते दहा लाख अकरा हजार होतं. उरलेल्या नफ्यावर वीस टक्के आणि उपकर मिळून दोन लाख सहा हजार. राहिलेल्यात थोडी भर घालून अठरा करतो. सहा लाख लिक्विड फंडात, ते दवाखान्याचे. तीन गोल्ड फंडात. नऊ लाख आधी लिक्विडमध्येच ठेवून तिथून दरमहा पन्नास हजार शेअरच्या फंडांत, निम्मे निफ्टी इंडेक्सच्या, निम्मे मल्टीकॅपच्या. दीड वर्षात पूर्ण होईल. एकदम टाकायची छाती नाही. त्या नऊला सात वर्षं हात लावणार नाही, म्हणून बाजार पडला तरी तू काळजी करू नकोस. शेत विकत नाही, का ते तुला ठाऊक आहे.*

*बाबा*

पाच महिन्यांत करोना. निफ्टी जानेवारीत 12,300 च्या वर होता, 23 मार्चला 7,610. मी घाबरून फोन केला तर म्हणाले, "पन्नास हजारांत आता जास्त युनिटं येतायत. तुला दूध मिळतंय ना तिकडे?" हप्ता एकही थांबवला नाही. आई मात्र अजून "माझा प्लॉट" म्हणते. तुमच्याकडचं लिहा.

चिंगी
दूध मिळतंय ना 😂 आमचे बाबा पण सेम. बाकी नंतर वाचते, कुकर लावलाय.

बंडूनाना
वडिलांनी घाई केली, स्पष्ट बोलतो. साताऱ्याच्या त्या बाजूला आज चाळीसच्या खाली काही नाही. आणि आता कोणी असं करूच शकत नाही, सरकारने इंडेक्सेशन काढलंय. जुन्या जमिनी विकणारे मेले.

सायली_श्टुटगार्ट
नाना, चाळीस आईपण सांगते. 😀 पण निफ्टीही तेव्हाच्या दुप्पट झालाय, त्यामुळे आमच्या घरात हा सामना अजून बरोबरीत आहे.

अर्थवाचक
बंडूनाना, अर्धं बरोबर. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात इंडेक्सेशन गेलं आणि दर 12.5 टक्के झाला. पण त्या तारखेआधी घेतलेल्या जमिनीला निवासी व्यक्तीला दोन्ही पद्धतींनी कर काढून कमी असेल तो भरता येतो.

सायलीच्या बाबांचाच प्लॉट 2025-26 मध्ये चाळीस लाखांना विकला असं धरा. साडेतीन लाख गुणिले 3.76 म्हणजे 13.16 लाख, उरलेल्या 26.84 लाखांवर वीस टक्के, साधारण 5.37 लाख. इंडेक्सेशन न घेता 36.5 लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे 4.56 लाख. जुना प्लॉट असून नवी पद्धत स्वस्त पडते. ज्या जमिनीचा भाव महागाईच्या जेमतेम बरोबरीने वाढला, तिथे मात्र जुनी पद्धत वाचवते. निवड फक्त निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे. सायली श्टुटगार्टहून विकती तर तिला ती मिळाली नसती.

आणखी एक. 2001 चं मूल्यांकन आता त्या वेळच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. 2019 मध्ये ती अट नव्हती.

माईसाहेब
सायली, आईचा गुडघा कसा आहे आता? माझा दुसरा करायचा आहे, डॉक्टर म्हणतात थांबू नका. जिना चढता येतो का त्यांना?

सायली_श्टुटगार्ट
@माईसाहेब, छान आहे, जिना हळूहळू चढते. दुसरा 2022 मध्ये केला. तेव्हा बाबांनी सोमवारी लिक्विडमधून पैसे मागितले आणि मंगळवारी बँकेत आले. मामाला फोन करावा लागला नाही, बाबांना त्याचंच जास्त समाधान.

कोकणी_काजू
शेत का ठेवलं? आम्हाला नाही ठाऊक, सांगा की.

तलाठ्याचा_पुतण्या
मी सांगतो. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. शेवटचा सातबारा विकून बसलात की पुढे शेत घेताना कोणता कागद दाखवणार? आमच्या गावात एकाने सगळी विकून पुण्यात फ्लॅट घेतला. आता त्याला गावाकडे अर्धा एकर हवाय तर भावाच्या दारात उभा. काका म्हणायचे, विकायचंच तर दोन गट विका, पण एक नाव राहू द्या.

कराचंही आहे. नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची खेड्यातली शेती असेल तर तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा करच नाही. ते अंतर गावाच्या लोकसंख्येवर ठरतं, दोन, सहा किंवा आठ किलोमीटर. प्लॉट एनए होता म्हणून कर लागला.

अर्थवाचक
बरोबर. फक्त ती लोकसंख्या गावाची नाही, जवळच्या नगरपालिकेची बघतात. आणि हवाई अंतर, रस्त्याचं नव्हे. यावर लोक कचेरीत भांडतात.

गौरी_डोंबिवली
माझा अनुभव उलटा. आमच्या पप्पांनी 2018 मध्ये प्लॉटचे सगळे पैसे कर्जरोख्यांच्या एका फंडात टाकले, एजंट म्हणाला एफडीसारखंच, दीड टक्का जास्त. एप्रिल 2020 मध्ये त्या कंपनीने एकदम सहा योजना बंद केल्या, त्यातली एक आमची. पैसे पुढे हप्त्याहप्त्याने मिळाले, पण मधली दीडदोन वर्षं पप्पा रोज सकाळी पेपर उघडून तेच शोधायचे. डायव्हर्सिफाइड म्हणून सांगितलेलं, आतमध्ये सगळे कमी पतीचे रोखे. सायलीच्या बाबांनी लिक्विड घेतला ते बरं केलं. आम्ही आता नावावर जात नाही, महिन्याचं फॅक्टशीट उघडून किती टक्के एएए आहे ते बघतो.

न्यूजर्सीकर
सगळ्यांच्या मुली जर्मनीत नसतात 🙂 अमेरिकेत कर भरणाऱ्या मुलांसाठी हे पत्र जसंच्या तसं लागू नाही. भारतातला म्युच्युअल फंड वारसाने आला की इथे तो पीएफआयसी धरला जातो. दरवर्षी प्रत्येक फंडासाठी 8621 नावाचा फॉर्म, आणि कर इतका किचकट की सीएची फी नफा खाते. मी बाबांना स्पष्ट सांगितलं, माझ्या नावावर फंड नका ठेवू, हवं तर दादाच्या नावे करा. प्लॉटची मोजणी त्या मानाने सोपी.

बंडूनाना
बघा! जमीनच चांगली.

चिंगी
वाचलं एकदाचं. नॉमिनीत माझं नाव टाकलंय बाबांनी सगळीकडे, म्हणजे काही प्रॉब्लेम नाही ना?

गौरी_डोंबिवली
नॉमिनी असलं की तुझंच सगळं, कशाला घाबरतेस.

अर्थवाचक
नाही हो. नॉमिनीला युनिट लवकर मिळतात, हे खरं. पण तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. भाऊबहीण असतील तर त्यांचा हक्क तसाच राहतो. चिंगी, मृत्युपत्र करायला सांग.

चिंगी
भाऊ आहे. आणि त्याने मागच्या वर्षी जमिनीच्या हक्कसोडीवर सही मागितली होती माझी. 2005 पासून मुलीचा समान वाटा आहे हे तेव्हा त्याला आठवलं नाही. मी दिली नाही सही. बोलत नाही तो अजून.

माईसाहेब
चिंगे, सही देऊ नकोस. मी दिली होती, मग माहेरी हळदीकुंकवालाही परकी झाले.

कोकणी_काजू
हे वेगळ्या धाग्याचं प्रकरण आहे, काढा कोणीतरी.

बंडूनाना
धागा काढा, पण आधी तो 2001 चं मूल्यांकन करणारा व्हॅल्युअर साताऱ्यात कोण ते सांगा. माझ्या भाच्याचा प्लॉट आहे, 1994 चा. मी विकू नको म्हणतोय, तो ऐकत नाही.

सायली_श्टुटगार्ट
नाना, बाबांना विचारून व्यनि करते. 😀 त्याला सांगा 1994 चं खरेदीखत आधी शोध, आमचं माळ्यावर सापडायला महिना लागला होता.