मदत हवी आहे: कॉस्ट शीट शेवटी जुळत नाही, 14,600 चा फरक

आकडेमोडी

कॉस्टिंगच्या पेपरची तयारी चालू आहे. एका गणितावर अडकले आहे. दिलेले आकडे असे:

कच्चा माल: आरंभीचा साठा 40,000, खरेदी 3,00,000, आवक वाहतूक 10,000, अखेरचा साठा 50,000
प्रत्यक्ष मजुरी 1,50,000
रॉयल्टी (नगामागे) 20,000
फॅक्टरी ओव्हरहेड 1,00,000
अर्धवट माल, वर्क्स कॉस्टने: आरंभी 25,000, अखेरीस 15,000
फॅक्टरीतल्या भंगाराची विक्री 4,000
ऑफिस ओव्हरहेड 64,000
उत्पादन 10,000 नग
तयार माल: आरंभी 500 नग (किंमत 31,000), अखेरीस 1,500 नग
विक्री व वितरण खर्च: विकलेल्या नगामागे 5
कर्जावरचं व्याज 12,000, आयकर 18,000

माझी प्राइम कॉस्ट 4,70,000, वर्क्स कॉस्ट 5,76,000 आणि कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन 6,40,000 आली. इथवर उत्तराशी जुळतंय. पण कॉस्ट ऑफ सेल्स माझी 6,34,600 येते आणि मागे छापलेलं उत्तर 6,20,000 आहे. व्याज आणि कर मी धरलेलेच नाहीत. दोनदा बेरीज तपासली, बेरीज बरोबर आहे.

खतावणी

विक्री खर्च किती धरलास? 50,000 धरला असशील तर तिथेच 5,000 गेले. प्रश्नात 'विकलेल्या नगामागे' म्हटलंय. आरंभीचे 500, त्यात तयार झालेले 10,000, त्यातून शिल्लक 1,500 वजा, म्हणजे विकले 9,000. खर्च 45,000.

राहिले 9,600. ते मला अर्धवट मालात दिसतात. अर्धवट माल प्राइम कॉस्टच्या आधी घ्यायचा असतो, तू ओव्हरहेडनंतर घेतलास. तो वर सरकव.

आकडेमोडी

हो, 50,000 च धरले होते! पण अर्धवट माल वर सरकवला तरी उत्तर तेच येतंय. फक्त प्राइम कॉस्ट 4,80,000 होतेय, आणि तीही मग पुस्तकाशी जुळत नाही.

जुना हिशेबनीस

येणारच. अर्धवट मालाचा फरक 10,000 चा आहे. तो ओव्हरहेडच्या वर मिळवा की खाली, वर्क्स कॉस्ट तीच राहते, आणि तिच्या पुढचं सगळंही तेच राहतं. बदलते फक्त मधली प्राइम कॉस्ट. त्यामुळे शेवटच्या आकड्यातला फरक तिथे शोधून हाती काही लागणार नाही. भंगाराचे 4,000 कुठे वजा करता, त्यालाही हेच लागू.

जागा ठरते ती किंमत कशी काढली आहे यावरून. इथे 'वर्क्स कॉस्टने' असं स्पष्ट दिलंय, म्हणजे त्या अर्धवट मालात ओव्हरहेडचा वाटा आधीच आहे. मग तो ओव्हरहेडनंतरच घ्यायचा. 'प्राइम कॉस्टने' असं दिलं असतं तर खतावणी यांचं बरोबर होतं. तुमची मांडणी आहे तशीच ठेवा.

आता 9,600. त्याला 1,500 ने भागा. 6.40 येतात, आणि ऑफिस ओव्हरहेड 64,000 भागिले 10,000 नग म्हणजेही 6.40. म्हणजे अखेरच्या तयार मालाला तुम्ही 57.60 चा भाव लावला असणार. तो वर्क्स कॉस्टचा भाव आहे. पुस्तकाने कॉस्ट ऑफ प्रॉडक्शनचा भाव लावलाय: 6,40,000 भागिले 10,000, म्हणजे 64. त्याने अखेरचा साठा 96,000 होतो. शेपूट असं:

कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन 6,40,000
अधिक आरंभीचा तयार माल 31,000
वजा अखेरचा तयार माल 96,000
विकलेल्या मालाची कॉस्ट 5,75,000
अधिक विक्री व वितरण 45,000
कॉस्ट ऑफ सेल्स 6,20,000

ताळा करायचा तर उलट बाजूने या. आधी जुना माल विकला गेला असं धरा. 500 नगांचे 31,000, उरलेले 8,500 नग नवे, 64 च्या भावाने 5,44,000. बेरीज 5,75,000. परीक्षेत एवढा ताळा मिनिटभरात होतो आणि नगांची चूक लगेच सापडते.

लेथवाला

माझं छोटं वर्कशॉप आहे, जॉबवर्क करतो. तुम्ही व्याज सरळ सोडून दिलंत? मशीन कर्जावर आहे, दर महिन्याला हप्ता जातो. ते धरलं नाही तर कोटेशन तोट्यात जाईल. मी तर अख्खा हप्ताच ओव्हरहेडमध्ये टाकतो.

जुना हिशेबनीस

दादा, हा धागा परीक्षेच्या गणिताचा आहे, पण तुमचा मुद्दा खराच आहे. हप्त्यातलं मुद्दल हा खर्चच नाही, ती कर्जाची परतफेड. मशीनचा खर्च घसाऱ्यातून येतो. घसाराही धरला आणि अख्खा हप्ताही, तर मशीन दोनदा मोजली जाते आणि तुमचं कोटेशन उगाच चढतं. व्याज कॉस्ट शीटच्या बाहेर असतं, कारण मशीन कर्जावर घेतली की रोखीने, यावरून नगाची कॉस्ट बदलू नये. भाव ठरवताना मात्र ते वेगळ्या ओळीत, कॉस्टच्या खाली धरा. नफ्याच्या टक्क्यात ते कसं बसवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

खतावणी

अर्धवट मालाचं मान्य. पण 57.60 चूक कशी म्हणता? आमच्याकडे ताळेबंदासाठी साठ्याची किंमत काढताना ऑफिस खर्च धरतच नाहीत. आयएएस 2 मध्येही, माल आहे त्या जागी आणि त्या स्थितीत आणायला ज्या प्रशासकीय खर्चाचा हातभार नाही, तो साठ्याच्या किमतीत घ्यायचा नाही असंच आहे. अकाउंट्सच्या ऑफिसचं भाडं तयार मालाच्या किमतीत कशाला?

जुना हिशेबनीस

चूक म्हटलंच नाही, पुस्तकाचा भाव वेगळा म्हटलं. बरेच जण आता ऑफिस खर्चाचे दोन भाग करतात. उत्पादनाशी निगडित तेवढाच कॉस्ट ऑफ प्रॉडक्शनमध्ये, सर्वसाधारण प्रशासनाचा खाली विक्री खर्चाजवळ. तसं मांडलं तर इथे साठा 86,400 होतो आणि कॉस्ट ऑफ सेल्स 6,29,600. ते 9,600 साठ्यात अडकून पुढच्या वर्षी जाण्याऐवजी याच वर्षी खर्ची पडतात. मला स्वतःला हीच मांडणी जास्त पटते. पण मग आरंभीच्या 500 नगांचे 31,000 म्हणजे नगामागे 62, ते कोणत्या पद्धतीने काढलेत हे प्रश्न सांगत नाही. दोन साठ्यांना दोन पद्धती लावल्या तर नफ्यात पोकळ फरक येतो.

आकडेमोडी

मग उत्तरपत्रिकेत काय लिहू? प्रश्नात ऑफिस ओव्हरहेडची फोड दिलेलीच नाही.

जुना हिशेबनीस

फोड नाही म्हणजे सगळा कॉस्ट ऑफ प्रॉडक्शनमध्ये, आणि साठा 64 ने. त्याखाली टीप लिहा: 'अखेरचा तयार माल चालू वर्षाच्या कॉस्ट ऑफ प्रॉडक्शनने मोजला आहे.' तपासणाऱ्याच्या डोक्यात दुसरी पद्धत असली, तरी तुमची कुठली ते त्याला दिसतं.

खतावणी

टीप लिहाच. तरी माझं मत 57.60 लाच.